घराची किंमत हवी, पण कशासाठी?

घर तारण ठेवून कर्ज काढायचे ठरले की दुसऱ्या-तिसऱ्या भेटीतच शाखेतला अधिकारी सांगतो, "व्हॅल्युएशन करून घ्या." मग माणूस व्हॅल्युअरला फोन लावतो. बोलणे बहुधा असे होते: "साहेब, घराचं व्हॅल्युएशन पाहिजे. किती घ्याल आणि किती दिवसांत द्याल?" समोरून प्रश्न येतो, "कशासाठी पाहिजे?" इथे बरेच जण जरा चिडतात. घर तेच, गाव तेच. किंमत कशासाठी हवी याच्याशी याला काय करायचे आहे, असे त्यांना वाटते.

करायचे आहे, आणि बरेच. विम्यासाठी घराची किंमत काढताना जमीन धरत नाहीत, कारण आगीत किंवा भूकंपात जमीन जळत वा कोसळत नाही. तिथे प्रश्न एवढाच असतो की तेच बांधकाम आज नव्याने उभे करायला किती खर्च येईल. जुने घर विकून भांडवली नफ्यावर कर भरायचा असेल आणि ते 2001 च्या आधी घेतलेले असेल, तर 1 एप्रिल 2001 रोजी त्याची किंमत काय होती हे लागते. भावांच्या वाटणीत आजचा बाजारभाव लागतो. आणि बँकेला आजचा बाजारभाव तर हवाच, शिवाय आणखी एक गोष्ट जाणून घ्यायची असते, ती जरा कटू आहे: हप्ते थकले आणि घर विकायची पाळी आली, तर हातात किती येईल? त्यामुळे मुलाच्या व्हिसासाठी दोन वर्षांपूर्वी केलेला अहवाल कपाटातून काढून बँकेच्या टेबलावर ठेवला तर अधिकारी तो उघडूनही पाहत नाही. अहवाल एका तारखेचा आणि एका हेतूचा असतो. तारीख किंवा हेतू बदलला की आकडाही बदलतो.

म्हणून व्हॅल्युअरला फोन करण्याऐवजी एक पानाचे पत्र द्यावे. काय मोजायचे, कोणत्या तारखेला, कोणासाठी, कशासाठी आणि कोणत्या कागदांच्या आधारे, हे सगळे त्या पानावर ठरते. आकडा अर्थातच व्हॅल्युअर काढतो. पण तो कशाकशाचा निघणार, हे बरेचसे पत्र आणि त्याला जोडलेले कागद ठरवतात.

आता एक गैरसमज आधीच दूर करू. व्हॅल्युअर आपण निवडायचा नसतो. प्रत्येक बँकेची व्हॅल्युअरची स्वतःची यादी असते, तिला पॅनेल म्हणतात. बँक त्यातले नाव देते, फी आपल्याला भरायला लावते आणि अहवाल बहुतेक ठिकाणी थेट शाखेकडे जातो. यादीतल्या लोकांची नोंदणी दोन प्रकारची आढळते. काही जण संपत्ती कर कायदा, 1957 च्या कलम 34 एबी खाली नोंदलेले असतात. तो कर केव्हाच गेला, पण ही नोंदणी उरली. दुसरे 2017 च्या नियमांखाली आयबीबीआयकडे नोंदलेले असतात. तिथे जमीन व इमारत, यंत्रसामग्री आणि रोखे असे तीन वेगवेगळे वर्ग आहेत. घरासाठी पहिल्या वर्गातला माणूस लागतो. तेव्हा आधी शाखेतून नाव घ्यावे आणि मग पत्र लिहावे. स्वतःच्या माहितीसाठी अर्जाच्या आधीच मूल्यांकन करून घ्यायलाही हरकत नाही. काही वेळा ते शहाणपणाचेच असते. मात्र तो अहवाल बँकेने मान्य केलाच पाहिजे, असा आग्रह धरता येत नाही.

पत्र कसे असते ते एका उदाहरणातून पाहू. समजा, सांगलीत फर्निचरचा छोटा कारखाना चालवणारे एक गृहस्थ आहेत. नवे यंत्र घ्यायचे आहे आणि लाकडाच्या व्यापाऱ्याची देणी भागवायची आहेत, त्यासाठी 40 लाख हवेत. जवळ आहे ते राहते घर: बिनशेती लेआउटमधला 200 चौरस मीटरचा प्लॉट, वीस वर्षांपूर्वी नकाशा मंजूर करून बांधलेला 95 चौरस मीटरचा तळमजला, आणि मुले मोठी झाल्यावर बारा वर्षांपूर्वी चढवलेला 70 चौरस मीटरचा पहिला मजला. या वरच्या मजल्याची परवानगी घेतलेली नाही. "सगळेच बांधतात," हे त्यांचे उत्तर, आणि ते अगदीच खोटे म्हणता येणार नाही. त्यांनी लिहिलेले पत्र असे:

प्रति,
मा. नोंदणीकृत मूल्यांकक (जमीन व इमारत), सांगली.

विषय: मिळकत तारण कर्जासाठी राहत्या घराचे मूल्यांकन करून मिळणेबाबत.
संदर्भ: बँक शाखेने दिलेले सोबतचे पत्र.

महोदय,
मी व माझी पत्नी यांच्या संयुक्त मालकीच्या खालील मिळकतीच्या तारणावर आम्ही वरील बँकेकडे व्यवसायासाठी कर्ज मागत आहोत. बँकेच्या सूचनेनुसार, पाहणीच्या तारखेचे बाजारमूल्य, वसूल होण्याजोगे मूल्य व सक्तीच्या विक्रीचे मूल्य आपण काढून द्यावे, ही विनंती. अहवाल फक्त या बँकेच्या कर्जप्रकरणासाठी वापरला जाईल.

मिळकत: सांगली-मिरज-कुपवाड शहर महानगरपालिका हद्दीतील प्लॉट, क्षेत्र 200 चौ. मी., त्यावरील तळमजला व पहिला मजला. सर्व्हे क्रमांक, प्लॉट क्रमांक, सिटी सर्व्हे क्रमांक व चतुःसीमा सोबतच्या खरेदीखताप्रमाणे.

वापर: निवासी. तळमजल्यावरील रस्त्याकडची एक खोली शिकवणी वर्गाला अकरा महिन्यांच्या नोंदणीकृत भाडेकराराने दिली आहे. बाकी घर आमच्या ताब्यात आहे.

खुलासा: तळमजल्यास मंजूर नकाशा व भोगवटा प्रमाणपत्र आहे. पहिला मजला आम्ही बारा वर्षांपूर्वी बांधला असून त्यास परवानगी घेतलेली नाही. मिळकतीवर सध्या कोणताही बोजा नाही. मिळकतीसंबंधी कोणताही दावा चालू नाही.

सोबत (सर्व छायाप्रती, मूळ कागद पाहणीच्या वेळी दाखवू):
1. नोंदणीकृत खरेदीखत व सूची क्रमांक 2
2. मालमत्ता पत्रक (प्रॉपर्टी कार्ड), चालू
3. बिनशेती आदेश व मंजूर लेआउटचा नकाशा
4. बांधकाम परवानगी, मंजूर नकाशा व भोगवटा प्रमाणपत्र (तळमजला)
5. चालू वर्षाची घरपट्टी पावती व अलीकडचे वीजबिल
6. शिकवणी वर्गाचा भाडेकरार
7. बँकेचे पत्र व आमच्या ओळखपत्रांच्या प्रती

पाहणीसाठी रविवार सोडून कोणताही दिवस चालेल. आपली फी व अहवालाची मुदत लेखी कळवावी.

आपला,
(सही, मोबाइल क्रमांक)
प्रत: मा. शाखाधिकारी

पत्र साधे आहे, पण त्यातला खुलाशाचा परिच्छेद वाचताना घरातल्या माणसांनी नक्की कुरकुर केली असणार. वरच्या मजल्याची परवानगी नाही हे आपणच लिहून द्यायचे? याचे उत्तर पुढच्या आकडेमोडीत आहे. त्याआधी कागदांबद्दल थोडे.

यादी लांब दिसते, पण यातला कागद अन् कागद व्हॅल्युअरच्या एकेका प्रश्नाचे उत्तर आहे. सूची क्रमांक 2 म्हणजे नोंदणी झालेल्या दस्ताचे एका पानातले सार: कोणी कोणाला, काय, केवढ्याला विकले. मालमत्ता पत्रक सांगते की सरकारदरबारी आज मालक कोण. खरेदीखतावर दोघांची नावे आणि पत्रकावर अजून आधीच्या मालकाचे नाव, असे आपल्याकडे सर्रास दिसते, कारण खरेदीनंतर फेरफार करून घ्यायचा राहून गेलेला असतो. व्हॅल्युअर मालकी हक्काचा निवाडा करत नाही. ते काम बँकेच्या वकिलाचे, आणि तो त्याचा वेगळा शोध अहवाल देतो. पण नावांतली तफावत व्हॅल्युअर नोंदवून ठेवतो आणि मग कर्जप्रकरण तिथे अडते. पत्रक नसलेल्या, गावठाणाबाहेरच्या जागेला सात-बारा लागतो. त्यावर भोगवटादार वर्ग 2 असे लिहिले असेल तर मामला अवघड होतो, कारण अशी जमीन जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय हस्तांतरित करता येत नाही. विकता न येणारी जमीन बँकेला तारण म्हणून नको असते.

फ्लॅट असेल तर यादी बदलते. प्लॉटचे कागद मागे पडतात आणि बिल्डरशी झालेला करारनामा, सोसायटीचे भागपत्र, सोसायटीचे ना-हरकत पत्र आणि पूर्ण इमारतीचे भोगवटा प्रमाणपत्र पुढे येतात. तिथली नेहमीची भानगड क्षेत्रफळाची. बिल्डरच्या जाहिरातीत 1,000 फूट, करारात बिल्टअप 820, आणि आत फूटपट्टी लावली तर कार्पेट 640, असे तीन आकडे निघू शकतात. व्हॅल्युअरने दर एका क्षेत्राचा आणि गुणाकार दुसऱ्या क्षेत्राशी केला तर अहवालाला अर्थच राहत नाही. म्हणून फ्लॅटवाल्यांनी पत्रात क्षेत्र लिहिताना ते कार्पेट की बिल्टअप, हे शब्दात लिहावे.

आता आपल्या सांगलीकरांच्या घरी व्हॅल्युअर येतो तेव्हा काय करतो ते पाहू. तो आधी घरात येत नाही, रस्त्यावर उभा राहतो. हातात खरेदीखताची प्रत. पूर्वेस रस्ता, पश्चिमेस अमुक प्लॉट, उत्तरेस तमुक, दक्षिणेस लेआउटची खुली जागा, असे एकेक वाचत चारही बाजू फिरून पाहतो. हा पोरखेळ वाटतो, पण व्हॅल्युअरच्या धंद्यातली सगळ्यात महाग चूक इथेच होते. एकसारख्या प्लॉटांच्या लेआउटमध्ये, विशेषतः घर बांधलेले नसेल तेव्हा, दाखवणारा माणूस शेजारचा कोपऱ्यावरचा चांगला प्लॉट दाखवतो आणि अहवाल त्याचाच होतो. कधी भूल पडून, कधी मुद्दाम. घर असेल तर वीजमीटरवरचा ग्राहक क्रमांक बिलाशी ताडून पाहणे, घरपट्टी पावतीवरचा क्रमांक दरवाज्यावरच्या पाटीशी जुळवणे, असे छोटे उपाय असतात. म्हणूनच साधे वीजबिल यादीत आहे. पुढे फोटो निघतात. त्यातल्या निदान एकात व्हॅल्युअर किंवा त्याचा माणूस मिळकतीसमोर उभा दिसावा, अशी बहुतेक बँकांची अट असते. फोटोबरोबर अक्षांश-रेखांशही नोंदवले जातात.

मग फीत किंवा लेझर मीटर निघतो. आपल्या गृहस्थांना विचारले तर ते सांगतात, "दोन गुंठे आहे." दोन गुंठे म्हणजे 202 चौरस मीटर. खरेदीखतात आहेत 200. आणि कंपाउंडच्या आत मोजले तर भरतात 208. हे आठ मीटर आले कुठून? दक्षिणेची भिंत लेआउटच्या खुल्या जागेत सरकली आहे. व्हॅल्युअर यातले 200 धरतो, म्हणजे कागदापेक्षा जास्त काहीही नाही. प्रत्यक्षात कमी भरले असते तर जे कमी ते धरले असते. आठ मीटरांची किंमत मिळत नाहीच, उलट अहवालात अतिक्रमणाची एक ओळ येते. हद्दीचा वाद मोठा असेल तर भूमी अभिलेख कार्यालयाकडून मोजणी करून घेऊन ‘क’ प्रत मिळवावी लागते. तिला वेळ लागतो, म्हणून शंका असणाऱ्याने हे काम कर्जाच्या आधीच काढलेले बरे.

सांगलीत एक प्रश्न हमखास विचारला जातो, जो साताऱ्याच्या एखाद्या डोंगरउतारावर कोणी विचारणार नाही: पाणी कुठवर आले होते? कृष्णेचा पूर इथे 2005, 2019 आणि 2021 साली लोकांनी पाहिला आहे. नदीकाठच्या भागात निळी आणि लाल अशा दोन पूररेषा आखलेल्या असतात. नदी ते निळ्या रेषेपर्यंत बांधकामाला मनाई, निळ्या आणि लाल रेषेच्या मध्ये निर्बंध. बँकांच्या अहवाल नमुन्यात पाणी साचण्याची किंवा पुराची शक्यता, असा एक रकाना असतोच. घर रेषेच्या आत असेल तर कागद कितीही चोख असले तरी किंमत खाली येते, आणि काही बँका असे तारण घेतच नाहीत. पत्रात हे लिहायची गरज नाही, कारण व्हॅल्युअरला ते ठाऊक असते. पण त्याने विचारल्यावर "आमच्याकडे कधीच नाही" असे भिंतीवरच्या ओलीच्या रेघेसमोर उभे राहून सांगू नये.

आता आकडे. पुढचे दर केवळ गणित समजावे म्हणून घेतले आहेत. ते सांगलीतल्या कोणत्याही भागाचे नाहीत. जमिनीचा बाजारभाव चौरस मीटरला 22,000 धरू. 200 मीटरांचे झाले 44 लाख. बांधकाम आज नव्याने करायचे तर चौरस मीटरला 20,000 धरू. तळमजल्याचे 19 लाख होतात, पण तो वीस वर्षांचा आहे. आरसीसी इमारतीचे आयुष्य साधारण 60 वर्षे धरतात आणि शेवटी दहा टक्के मोडीची किंमत उरते असे मानतात. म्हणजे 90 टक्के किंमत 60 वर्षांत झिजायची, वर्षाला दीड टक्का. वीस वर्षांचे 30 टक्के गेले. 19 लाखांतले उरले 13 लाख 30 हजार. पहिल्या मजल्याचे आजचे 14 लाख, बारा वर्षांचे 18 टक्के वजा जाता 11 लाख 48 हजार. सगळे मिळून 68 लाख 78 हजार. मालकाच्या डोक्यात 75 चा आकडा होता. तरी हा फार लांब नाही.

जमिनीच्या दराबद्दल वाद होतोच. मालक म्हणतो, पलीकडचा प्लॉट गेल्या वर्षी तीस हजारांनी गेला. व्हॅल्युअर नोंदणी विभागाच्या ई-सर्चवर तो दस्त काढून पाहतो तर त्यात दर निघतो एकोणीस हजार. मधला फरक कुठे गेला, हे दोघांनाही माहीत असते आणि दोघेही बोलत नाहीत. अहवालात तोंडी तीस हजार लिहिता येत नाही. व्हॅल्युअर नोंदलेले दोन-चार व्यवहार, इस्टेट एजंटांकडची चौकशी, रस्त्याची रुंदी, कोपऱ्याचा प्लॉट आहे का, असे सगळे तोलून दर ठरवतो. शिवाय सरकारचा वार्षिक दर तक्ता, म्हणजे रेडी रेकनर, समोर असतोच. बँकांच्या नमुन्यात एक अट आहे: व्हॅल्युअरची किंमत आणि सरकारी दराने येणारी किंमत यांत 20 टक्के किंवा जास्त तफावत असेल तर तिचे कारण लिहून द्यायचे. रेडी रेकनर 15,000 आणि व्हॅल्युअर 22,000 म्हणतो, तर ही तफावत वीस टक्क्यांच्या पुष्कळ पुढे जाते. तेव्हा आपल्या माहितीतल्या जवळच्या एखाद्या अलीकडच्या विक्रीची सूची क्रमांक 2 मिळत असेल, तर ती पत्राला जोडण्यात शहाणपण आहे. आकडा वाढवा म्हणण्यापेक्षा त्याला आधार देणे जास्त उपयोगी पडते.

आता मूळ मुद्दा. बँक 68.78 लाखांवर कर्ज देत नाही. परवानगी नसलेला मजला पाडायची नोटीस कधीही येऊ शकते. म्हणून बँका साधारणपणे अशा बांधकामाची किंमत हिशेबात घेत नाहीत आणि व्हॅल्युअर ती वेगळी दाखवतो किंवा शून्य धरतो. उरले 57 लाख 30 हजार, हेच बाजारमूल्य. वसूल होण्याजोगे मूल्य याच्या 90 टक्के धरले तर 51 लाख 57 हजार, आणि सक्तीच्या विक्रीचे 80 टक्के धरले तर 45 लाख 84 हजार. हे शेवटचे दोन आकडे लिलावाच्या कल्पनेतून आले आहेत: घाईत, बँकेचा फलक लावून, कुलपातले घर विकताना पूर्ण भाव येत नाही. तारण कर्जाला बँका मूल्याच्या किती टक्के देतात हे त्यांच्या त्यांच्या धोरणावर असते. इथे 60 टक्के धरू. 57.30 लाखांचे 60 टक्के म्हणजे 34 लाख 38 हजार. वरचा मजला नियमित असता तर 68.78 चे 60 टक्के, म्हणजे 41 लाख 26 हजारांच्या वर. गृहस्थांना हवे होते 40.

म्हणजे हव्या असलेल्या आणि मिळणाऱ्या रकमेत जे अंतर पडले, ते बारा वर्षांपूर्वी न काढलेल्या एका परवानगीचे. हे अंतर व्हॅल्युअरने पाडलेले नाही, पण राग त्याच्यावरच निघतो. "थोडं वर घ्या की साहेब, तुमचं काय जातंय?" हे वाक्य प्रत्येक व्हॅल्युअरने ऐकलेले असते. जाते बरेच. 2017 च्या नियमांतल्या आचारसंहितेत ग्राहकाच्या सोयीचे मूल्यांकन देऊ नये असे स्पष्ट म्हटले आहे, आणि आकड्यावर किंवा कर्ज मंजूर होण्यावर अवलंबून फी घ्यायलाही मनाई आहे. म्हणून पत्रात फी लेखी मागावी. जो व्हॅल्युअर "लोन झालं की टक्केवारी द्या" म्हणतो, त्याचा अहवाल बँकेत टिकला तरी पुढे अडचणीत आणतो. मोठ्या रकमेला बँका दुसऱ्या व्हॅल्युअरकडून पुन्हा पाहणी करून घेतात, आणि 50 कोटी व त्यावरच्या मिळकतींना रिझर्व्ह बँकेच्या सूचनेप्रमाणे किमान दोन स्वतंत्र अहवाल घ्यावे लागतात. आपल्या गृहस्थांच्या प्रकरणात दुसरा व्हॅल्युअर आला असता, त्याने मंजूर नकाशा उघडला असता, आणि त्यात एकच मजला दिसला असता. मग पहिला अहवाल संशयात, आणि न सांगितल्याबद्दल कर्जदारही संशयात. खुलाशाचा तो परिच्छेद यासाठी होता. मजला लपवून लपत नाही, तो तर रस्त्यावरूनच दिसतो.

भाड्याच्या खोलीचाही असाच हिशेब. नोंदणीकृत, ठराविक मुदतीचा भाडेकरार असेल तर किमतीवर फारसा परिणाम होत नाही. पण तिथे जुना, भाडे नियंत्रण कायद्याचे संरक्षण असलेला भाडेकरू असता, तर त्याला काढता येत नाही म्हणून घराची विक्रीयोग्य किंमत चांगलीच उतरली असती. ताबा कोणाकडे आहे, हे म्हणून पत्रात हवे. कर्ज यंत्रासाठी की मुलीच्या शिक्षणासाठी, हे मात्र व्हॅल्युअरला लागत नाही. ते बँकेच्या अर्जात लिहायचे असते, आणि तिथे ते महत्त्वाचे आहेच.

विम्याचा आकडा याच घराचा किती, हे पाहिले की हेतूचा प्रश्न पुन्हा लक्षात येतो. बँक तारण घराचा विमा उतरवायला लावते. तिथे जमीन नाही आणि झीजही वजा नाही: 165 मीटर, दर 20,000, एकूण 33 लाख. तळमजल्यापुरताच धरला तर 19. आता 57.30 लाखांच्या घराचा 57 लाखांचा विमा उतरवून जास्तीचा हप्ता भरणारे लोक आहेत. जमिनीच्या 44 लाखांचा विमा त्यांना कधीच परत मिळणार नाही. म्हणून विम्याचे मूल्यही त्याच अहवालात वेगळे मागून घ्यावे. बहुतेक नमुन्यांत त्याचा रकाना असतो, पण मागितले नाही तर तो कधी कधी कोराच राहतो.

अहवालाची प्रत मिळाली की तीन जागा आधी पाहाव्यात: क्षेत्रफळ, चतुःसीमा आणि बांधकामाचे वय. टंकनाच्या चुका इथेच होतात, आणि 95 चे 59 झाले तर कर्जही तेवढेच आटते. अशी चूक असेल तर लेखी कळवावी, व्हॅल्युअर दुरुस्त करून देतो. दराबद्दल मतभेद असेल तर जवळच्या व्यवहाराचा कागद जोडून फेरविचार मागता येतो. आकडा आवडला नाही एवढेच कारण मात्र चालत नाही.

आपल्या गृहस्थांपुढे आता दोन वाटा आहेत. एक, 34 लाखांत भागवायचे आणि यंत्र थोडे लहान घ्यायचे. दुसरी, परवानाधारक अभियंत्याकडून सुधारित नकाशा करून महापालिकेच्या नगररचना विभागात वरच्या मजल्याचा प्रस्ताव टाकायचा. सामासिक अंतरे आणि चटई क्षेत्र निर्देशांक नियमात बसत असतील तर प्रशमन शुल्क भरून मजला नियमित होऊ शकतो. बसत नसतील तर नाही, आणि 208 मीटरांची ती भिंत आधी मागे घ्यावी लागेल. याला महिने लागतात. बँका अहवाल काही महिन्यांपुरताच ताजा मानतात, त्यामुळे दुसरी वाट धरली तर भोगवटा प्रमाणपत्र हातात आल्यावर पाहणी पुन्हा नव्याने होईल, फी पुन्हा भरावी लागेल, आणि पत्र पुन्हा लिहावे लागेल. फक्त त्या वेळी सोबतच्या यादीतल्या चौथ्या ओळीत ‘तळमजला व पहिला मजला’ असे असेल, आणि खुलाशातले एक वाक्य गळून पडेल.